रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी लॉकबॉक्सच्या सूचना

प्रश्न: दापोलीजवळ आमचे दोन खोल्यांचे होमस्टे आहे. आम्ही पुण्यात राहतो. पाहुणे बहुतेक वेळा रात्री दहानंतर पोहोचतात आणि तोवर राखणदार झोपलेला असतो. चार आकड्यांचा लॉकबॉक्स बसवला आहे, पण सूचना पाठवूनही दर वेळी फोन येतोच. सूचना नेमक्या कशा लिहाव्यात?

उत्तर:

नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आहे आणि आम्हीही बाहेरगावी राहून ते चालवतो, त्यामुळे हे रात्रीचे फोन आम्ही पुष्कळ घेतले आहेत. फोन करणारा पाहुणा त्या क्षणी नेमका कुठे उभा आहे, हे दोन-तीन महिने वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत तीनच जागा निघाल्या : गाडी लावली तिथे, पेटीसमोर आणि दारासमोर. पुण्याहून घाट उतरून गावापर्यंत येण्यात कोणीही अडलेले नव्हते, आणि आमच्या जुन्या सूचनेत मात्र तीन परिच्छेद त्या रस्त्याचेच होते. गाडीचे दिवे विझल्यावर जो अंधार होतो, तिथून तुमची सूचना सुरू झाली पाहिजे.

गाडी लावण्याच्या जागेपासून सुरुवात करू. नकाशावर आपण सहसा घराच्या कौलांवर खूण टाकतो. मार्ग दाखवणारे ॲप त्या खुणेला सर्वांत जवळचा जो गाडीरस्ता सापडेल तिथवर माणसाला नेते, मग तो रस्ता घराच्या मागच्या अंगाला, पऱ्याच्या पलीकडे का असेना. आमचे पाहुणे असेच पलीकडच्या आंब्याच्या बागेत जाऊन उभे राहत आणि समोर आमचा दिवा दिसत असूनही येता येत नसे. आता आम्ही पाठवतो ती खूण घराची नसते, गाडी लावण्याच्या जागेची असते. तिथून पुढची वाट फोटोंत दाखवतो, आणि हे फोटो मुद्दाम रात्री, मोबाइलच्या विजेरीच्या उजेडात काढलेले आहेत. दिवसाच्या फोटोतले हिरवे कुंपण आणि मागची नारळाची झाडे रात्री दहाला अस्तित्वात नसतात. जांभ्याच्या गडग्यावर रंगवलेला पांढरा पट्टा, बेड्याजवळची पहिली पायरी आणि तुळशीवृंदावन एवढेच दिसते, म्हणून सूचनेतही तेवढेच असावे. पाखाडीच्या पायऱ्या मोजून आकडा लिहा. "थोडे चालल्यावर" या शब्दांचा अंधारात काहीच उपयोग नसतो, "अकरा पायऱ्या" या शब्दांचा होतो.

आता कोड. आमची सर्वांत लाजिरवाणी चूक इथलीच आहे. आम्ही मराठी सूचना मराठी आकड्यांतच लिहीत असू. एकदा बंगळुरूहून आलेल्या कुटुंबाने, ज्यांच्यात एकालाच थोडेफार मराठी येत होते, पाऊण तास पेटीशी झटापट केली. कोडात ४ आणि १ होते. त्यांनी ४ ला 8 समजून आणि १ ला 9 समजून चाके लावली होती, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते अगदी स्वाभाविक होते. तेव्हापासून पेटीवर जसे आकडे कोरलेले आहेत तसेच आकडे संदेशात लिहायचे आणि पुढे तेच अक्षरांत लिहायचे असा नियम आम्ही केला. शिवाय कोड निवडताना 6, 9 आणि 0 टाळतो, कारण चाक अर्धवट फिरलेले असले की विजेरीच्या तिरप्या उजेडात हे तिन्ही एकमेकांसारखे दिसतात. पाहुण्याच्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वापरण्याची पद्धतही पुष्कळांकडे आहे. ती सोयीची आहे, कारण पाहुण्याला काही वाचावे लागत नाही. पण टाळायचे आकडे त्यात हमखास येतात, म्हणून आम्ही ती सोडली.

चाकांच्या पेटीची यंत्रणा समजून घेतली की बाकीचे फोन का येतात ते कळते. आकडे ज्या रेषेवर जुळायला हवेत ती रेषा बारीक असते आणि चाकांवर एका वेळी दोन-तीन ओळी दिसतात. पाहुणा आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसणारी ओळ धरतो. ही रेषा पांढऱ्या तैलरंगाने ठळक करून घ्या. काम दोन मिनिटांचे आहे. दुसरे म्हणजे कळ खाली दाबून धरली असतानाच झाकण ओढावे लागते, आणि विजेरी एका हातात असेल तर हे एकट्याला जमत नाही. म्हणून "विजेरी सोबतच्या माणसाकडे द्या किंवा फोन वरच्या फळीवर ठेवा" असे आम्ही सरळ लिहितो, आणि त्यासाठी पेटीच्या वर एक छोटी फळीच ठोकली आहे.

कोड बदलण्याची कळ झाकणाच्या आतल्या बाजूला असते. बदलून झाल्यावर ती मूळ जागी परत आणायला राखणदार विसरला, तर पुढचा पाहुणा चाके जशी फिरवेल तसा कोड बदलत जातो आणि पेटी कोणालाच उघडत नाही. त्यावर एकच उपाय आहे : नवा कोड लावल्यानंतर, झाकण उघडे ठेवूनच, चाके विस्कटून आणि परत जुळवून कळ तीनदा दाबून पाहायची, आणि मगच चावी आत ठेवून झाकण लावायचे. कोड प्रत्येक बुकिंगनंतर बदला. बहुतेक लोक पेटी लावताना फक्त शेवटचे चाक एक-दोन घरे सरकवतात, म्हणजे पुढे येणाऱ्या कोणालाही कोड जवळजवळ वाचता येतो. त्यामुळे "चारही चाके फिरवून ठेवा" हे वाक्य सूचनेत हवेच.

पेटीच्या जागेबद्दल मतभेद आहेत. रस्त्यावरून दिसू नये हे खरे, पण म्हणून ती मागच्या भिंतीला किंवा कुंडीमागे लपवू नका. आपल्याकडे जांभ्याच्या फटींत आणि दगडांखाली फुरसे असते, आणि अनोळखी माणसाला अंधारात दगड-कुंड्यांमागे हात घालायला लावणे मला मान्य नाही. दाराच्या चौकटीलगत, छातीच्या उंचीवर, पडवीच्या आत ती असावी, म्हणजे एकाच दिव्याचा उजेड पेटीवर, कुलपावर आणि पायाखाली पडेल. जांभ्याच्या चिऱ्यात साधे प्लग आमच्याकडे दोन पावसाळ्यांत सैल झाले. शेवटी पेटी पडवीच्या सिमेंटच्या खांबाला लावली. दिवा चाहूल लागताच पेटणारा ठेवा, पण तो सौरऊर्जेवरचा नको. ऐन जुलैत, जेव्हा वीज सर्वांत जास्त जाते, तेव्हाच त्याला ऊन मिळत नाही. आमचा दिवा इन्व्हर्टरवर आहे. खाऱ्या हवेने चाके जड होतात तेव्हा तेल घालू नका, कारण त्यावर धूळ चिकटते. ग्राफाइटची पूड फुंकणे चांगले.

आम्ही सध्या पाठवतो तो संदेश असा आहे. कोड अर्थातच नमुन्याचा आहे.

> १. नकाशातल्या खुणेपाशी गाडी लावा. उजव्या हाताला गडग्यावर पांढरा पट्टा दिसेल. गाडीचे दिवे लगेच बंद करू नका. आधी मोबाइलची विजेरी लावा. (फोटो १)
> २. पट्ट्याशेजारच्या बेड्यातून आत या आणि ११ पायऱ्या उतरा. पायऱ्या पावसात निसरड्या असतात. समोर तुळशीवृंदावन येईल, त्याच्या डावीकडे पडवी आहे. तिथला दिवा आपोआप लागेल. (फोटो २)
> ३. दाराच्या डाव्या खांबावर काळी पेटी आहे. तिचे रबरी आवरण खाली ओढा. फोन वरच्या फळीवर ठेवा.
> ४. कोड 4 2 7 3 (चार, दोन, सात, तीन). आकडे पांढऱ्या रेषेवर आणा. कळ खाली दाबून धरा आणि झाकण पुढे ओढा. (फोटो ३)
> ५. चावी काढल्यावर झाकण लावा आणि चारही चाके फिरवून ठेवा.
> ६. चावी डावीकडे दोनदा फिरवा. पावसात दार फुगते, म्हणून खांद्याने जोर द्या. आत उजव्या हाताला पहिले बटण दिव्याचे आहे.
> ७. अडचण आल्यास फोन करा. आमच्या वाडीत रेंज पायऱ्यांच्या वरच्या टोकाला चांगली मिळते.

सहाव्या ओळीला हसू नका. पेटी उघडली, चावी फिरली, आणि दार कुलपातच अडकले आहे असे समजून पाहुणे परत गाडीत जाऊन बसल्याचे आमच्याकडे दोनदा घडले आहे. मराठी न वाचणाऱ्यांसाठी हाच संदेश इंग्रजीत तयार ठेवा. फोटो मात्र तेच राहू द्या.

संदेश दोन टप्प्यांत जातो. पहिल्या तीन ओळी आणि फोटो आदल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर. कोडाचा भाग प्रवासाच्या दिवशी दुपारी, पाहुणे घाटात शिरण्यापूर्वी, आणि तोही सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती मिळाल्यावरच. आधार पाठवत असतील तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मागा, तीही चालते. पाहुणा परदेशी असेल तर आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरणे यजमानावर बंधनकारक आहे, आणि पारपत्र समोर पाहायला कोणीतरी हवे, म्हणून अशा बुकिंगला आम्ही पेटी वापरतच नाही. कोड आम्ही साध्या एसएमएसनेही पाठवतो, कारण इंटरनेट चालत नाही तिथेही एसएमएस बहुधा पोहोचतो. "मिळाले" असे उत्तर आले नाही तर संध्याकाळी सातच्या आत फोन करतो. त्यानंतर ते घाटात असतात.

एवढे करूनही महिन्याकाठी एखादा फोन येतो. तेव्हा "काय झाले" असे विचारले की लांब हकिगत ऐकावी लागते. त्याऐवजी तीन गोष्टी याच क्रमाने विचारा : पांढऱ्या रेषेवर आत्ता कोणते चार आकडे आहेत, ते मोठ्याने वाचा, कळ दाबून धरली आहे का, आणि झाकण वर न उचलता आपल्याकडे ओढताय का. आमच्याकडे बहुतेक प्रकरणे पहिल्याच प्रश्नावर मिटतात. तिन्ही उत्तरे बरोबर असूनही पेटी उघडली नाही, तर कोड बदलताना गडबड झाली आहे असे समजा आणि पेटीवर आणखी वेळ घालवू नका. आमची दुसरी चावी शेजारच्या काकूंकडे असते, आणि त्यांना उठवावे लागले तर सकाळी त्यांच्याकडचे घावणे पाहुण्यांच्या नाश्त्याला त्यांच्याच दराने घ्यायचे, असे आमचे ठरलेले आहे. तुमचा राखणदार आवारातच झोपत असेल तर ती चावी त्याच्या उशाशी असू द्या, आणि त्याचा क्रमांक पाहुण्याला न देता स्वतःकडेच ठेवा. नाहीतर पहिल्या अडचणीला पाहुणा पेटी सोडून त्यालाच उठवतो.