तिसरा नियम खोडून टाका

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय पोरी,

पत्राबरोबर तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. एकमेकांच्या संमतीने बाहेरही नातं ठेवायचं म्हणून तुम्हा दोघांनी लिहिलेले सातही नियम मी नीट वाचले. शेवटी तू विचारलं आहेस, "काकू, मला मत्सर वाटतो म्हणजे मी असल्या खुल्या नात्याला लायकच नाही का?" त्याचं उत्तर देतेच, पण आधी त्या पानाबद्दल बोलू. तुझ्या मत्सराला तुझ्या स्वभावापेक्षा ते पान जास्त जबाबदार आहे असं मला वाटतं.

तुमचा तिसरा नियम आहे, "बाहेर कुणाच्या प्रेमात पडायचं नाही." 12 वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोने आमचं लग्न खुलं करायचं ठरवलं, तेव्हा आमच्याही कागदावर पहिलं वाक्य हेच होतं. वाचायला अगदी शहाणपणाचं वाटतं. पण माणूस कृतीचं वचन देऊ शकतो, भावनेचं नाही. "निरोधाशिवाय जवळ जाणार नाही" हे पाळता येतं, कारण ते हातात आहे. "प्रेमात पडणार नाही" हे हातात नाही. जे हातात नाही ते मोडलं की माणसापुढे दोनच वाटा उरतात. एक तर कबूल करून गुन्हेगार ठरायचं, नाहीतर गप्प बसायचं. बहुतेक जण गप्प बसतात.

आमच्याकडे तेच झालं. नवऱ्याची धारवाडला एक मैत्रीण झाली. ती घटस्फोटित होती आणि आमच्याबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. मीही तिला एकदा भेटले होते. पहिले पाच महिने तो घरी आला की तिच्याबद्दल सहज बोलायचा. ती काय वाचते, तिच्या कन्नडमधून आलेल्या मराठीवर दोघं कसे हसले, असलं काहीबाही. मग तिचं नाव निघायचंच बंद झालं. धारवाडच्या फेऱ्या चालूच, फक्त नाव गायब. ही खूण लक्षात ठेव. खुल्या नात्यात जोडीदार दुसऱ्या माणसाबद्दल फार बोलतो त्याची काळजी करू नको. बोलता बोलता अचानक थांबला, तर विचार. त्याचा जीव तिच्यात गुंतला होता आणि नियमाच्या भीतीने तीन महिने त्याने ते माझ्यापासून लपवलं. मला राग त्याच्या प्रेमाचा आला नाही. तीन महिने मी एकटीच मूर्खासारखी निश्चिंत होते, याचा आला.

आणि मग मी तुमचा पाचवा नियम वापरला. "दोघांपैकी एकाने सांगितलं तर बाहेरचं नातं लगेच थांबवायचं." यालाच लोक व्हेटो म्हणतात. मी एका रात्रीत 'थांबव' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने फोनवरून ते नातं तोडलं. मला वाटलं, घर वाचलं. प्रत्यक्षात तो वर्षभर माझ्या घरात तिचं दुःख करत राहिला आणि ते मला सांगायची त्याला चोरी होती. पुढे त्या बाईने मला कार्ड पाठवलं. त्यात एकच ओळ होती, "तुमच्या करारावर माझी सही नव्हती." ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. ती तिच्या जागी पूर्ण बरोबर होती. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तिला न विचारता आमच्या स्वयंपाकघरात झाला होता. या सगळ्याला नैतिक म्हणायचं असेल, तर तिसऱ्या माणसाला तुमचे नियम आधी कळले पाहिजेत आणि ते मोडायची किंवा बदलायची वेळ आली तर त्याचंही म्हणणं ऐकलं पाहिजे.

मग व्हेटोच्या जागी काय ठेवायचं? आम्ही दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा प्रत्येक वाक्याचा कर्ता बदलला. 'तू हे करायचं नाहीस' याऐवजी 'मी हे करीन' असं लिहिलं. त्यातली तीन वाक्यं सांगते. "मन गुंतायला लागलंय असं वाटलं, तर सात दिवसांच्या आत मी तुला सांगेन, आणि त्या रात्री कुठलाही निर्णय घ्यायचा नाही." "मला सहन होईनासं झालं तर मी नव्या भेटी दोन आठवडे थांबवायला सांगेन. त्या दोन आठवड्यांत आपण तीनदा बसून बोलू, आणि तिलाही कारण कळवू." "हे सगळं तरीही मला जमत नसेल, तर मी या व्यवस्थेतून बाहेर पडेन, तुला ओढून बाहेर काढणार नाही." शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थरथरला होता. पण त्यानंतर पहिल्यांदा माझ्या होकाराला काही किंमत आली. कागदावर तारीख घातली आणि दर तीन महिन्यांनी तो पुन्हा काढून वाचायचं ठरवलं. जो नियम दोन वेळा मोडला गेला, त्यावर भांडायच्या आधी तो पाळता येण्यासारखा आहे का, ते बघायचो.

आता मत्सर. आपल्या भाषेत हेवा वेगळा, असूया वेगळी, मत्सर वेगळा, आणि आपल्याकडे बायका साधं "पोटात कालवतंय" म्हणतात ते आणखी वेगळं. तू सगळं एका शब्दात बांधलंस, म्हणून ते एवढं मोठं दिसतंय. त्याला सोडवून बघ.

माझं सांगते. काही वर्षांनी नवऱ्याची दुसऱ्या एकीशी मैत्री झाली. या वेळी सगळं वेळेत सांगितलेलं, कागद पाळलेला. तरी एका रविवारी मी दिवसभर जळत होते. मी वही घेऊन बसले आणि एकेक गोष्ट लिहून तिच्यापुढे थांबत गेले. तो रात्री तिच्याकडे राहिला, याने दुखतंय का? थोडंसं. दोघं बाहेर जेवले? नाही. तिला साडी घेतली? नाही. सकाळी तिला घेऊन राजहंसगडावर गेला? इथे पेन थांबलं. येळ्ळूरच्या त्या गडावर लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही दोघं दर रविवारी पहाटे जायचो. मला त्या बाईची भीती नव्हती. माझी एक जागा माझ्या नकळत सार्वजनिक झाली होती. हे कळल्यावर मागायची गोष्ट इतकी छोटी झाली की मलाच आश्चर्य वाटलं, "राजहंसगड आपल्या दोघांचा राहू दे." तो लगेच हो म्हणाला. मात्र अशा राखीव गोष्टी दोन-तीनच ठेवाव्यात. गड, ते हॉटेल, ते गाणं, तो रस्ता, असं करत गेलं की दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही.

वहीत दुसऱ्या तऱ्हेचीही उत्तरं येतील. 'त्याने मला सांगितलेली वेळ पाळली नाही' असं आलं, तर तो मत्सर नाही. तो मोडलेल्या शब्दाचा राग आहे आणि तो रास्त आहे. 'तिच्याबरोबर तो हसतो, माझ्याबरोबर बिलांचंच बोलतो' असं आलं, तर तो हेवा आहे. त्याचं औषध तिच्या भेटी कमी करण्यात नाही, तुमच्या दोघांच्या संध्याकाळींत आहे. आणि धीर म्हणून मागितलेली गोष्ट धीर देते की पहारा बनते, हे मोजून बघायचं. मी आधी रात्री 9 वाजता एक फोन मागितला होता. महिन्याभरात त्याचे चार झाले आणि माझी झोप तरीही उडालेलीच. धीराची गरज हळूहळू कमी होत जाते. वाढत चालली, तर उपाय चुकला आहे.

आता आपल्या गावाचं. इथे पहिल्या गेटजवळ कुणाची स्कूटर दिसली तर संध्याकाळपर्यंत शहापुरातल्या मावशीला कळतं. तुमच्या सात नियमांत 'कुणाला सांगायचं' याबद्दल अक्षर नाही, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नाती नेमकी तिथेच फुटतात. पुण्या-मुंबईची यादी उतरवून चालत नाही. घरात कळायच्या आधी बाहेरून कळणार नाही एवढं तरी लिहा. तिसऱ्या माणसाचं नाव, फोटो, मेसेज त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही दाखवायचे नाहीत, तुझ्या सख्ख्या मैत्रिणीलाही नाही. आणि प्रत्येकाने मन मोकळं करायला एकच माणूस ठरवावं, दुसऱ्याला माहीत असलेलं.

कायद्याचं थोडक्यात. 27 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं 497 कलम रद्द केलं, त्यामुळे हा गुन्हा राहिला नाही. पण हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण आजही आहे. तुमचा कागद कोर्टात बजावता येणारा करार नाही, मात्र उद्या बिनसलं तर कुणी तोच पुरावा म्हणून पुढे ठेवू शकतं. लिहिताना हे भान असू दे.

तपासणीचा नियम तुम्ही 'काळजी घ्यायची' असा लिहिलाय. एवढ्याने भागत नाही. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीला अर्थ नसतो. प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीलाही 45 दिवस द्यावे लागतात, बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीला 90. तेव्हा निरोध कुणाबरोबर थांबवायचा, कुठल्या तपासणीनंतर, आणि तो कधी फाटला तर किती वेळात सांगायचं, हे आकड्यांत लिहा. आम्ही 24 तास लिहिलं होतं. सिफिलिसची रक्ततपासणीही त्याच वेळी करून घ्या.

आता ज्या गोष्टीने मी अस्वस्थ झाले ती. तुझ्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, "तो म्हणतो, नाही म्हणालीस तर मग बघू." हा विषय त्याने काढला तेव्हा त्याच्या ऑफिसातली ती मैत्रीण आधीपासून होती, असंही तू लिहिलंस आणि पटकन पुढे गेलीस. पोरी, तिथून पुढे जाऊ नको. आधी नातं आणि नंतर परवानगी, याला खुलं नातं म्हणत नाहीत. ते आधी घडलेलं खोटं आहे आणि त्याचा हिशेब वेगळा व्हायला हवा. सातातला एकही नियम तो हिशेब करत नाही. त्याला शांतपणे विचार, "मी नाही म्हटलं तर आपलं काय उरतं?" उत्तरात तुझं घर, तुझा मान शाबूत असेल, तरच तुझा होकार हा होकार. नसेल, तर तुला वाटतोय तो मत्सर नाहीच. तुझं मन धोका ओळखतंय.

त्याच्याशी हे बोलणं होईपर्यंत कुठल्याही नव्या भेटीला हो म्हणू नको. दोन आठवडे माग. तेवढेही तो देत नसेल तर मला फोन कर, रात्रीसुद्धा.

या रविवारी दुपारी मी घरीच आहे. वही घेऊन या दोघं. तो आला नाही तर तू एकटी ये.

तुझी,
काकू