‘करू नये’ की ‘करू नयेत’? आणि ‘येईल नाही’ का चालत नाही?

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत टाकी सफाईची सूचना लावायची आहे. मसुदा असा आहे : “रविवारी सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी येईल नाही. रहिवाशांनी टाकीजवळ वाहने उभी करु नका. जोपर्यंत सफाई पूर्ण होते तोपर्यंत नळ उघडा ठेऊ नये. ज्यांनी गाड्या हटवले नाही त्यांच्या नुकसानीस सोसायटी जबाबदार नाही राहील.” कमिटीत ‘नये’ की ‘नयेत’ यावरून वाद आहे. नेमके कुठे काय चुकले?

उत्तर : मराठीत नाही, नको आणि नये ही नुसती नकाराची चिकटपट्टी नाही. ती स्वतःच क्रियापदे आहेत आणि चालतात, म्हणजे रूप बदलतात : नाही-नाहीत-नाहीस, नको-नका, नये-नयेत. हिंदीत ‘नहीं’ कधी बदलत नाही आणि ‘आएगा’ आपल्या जागी तसेच राहते, म्हणून ‘पानी नहीं आएगा’ हे तिथे बिनतक्रार वाक्य आहे. मसुदा आधी हिंदीत बोलून मग मराठीत उतरवला की ‘येईल नाही’ आणि ‘नाही राहील’ हाती लागते.

भूतकाळ आणि भविष्यकाळासाठी एक सोपी परीक्षा आहे. ‘नाही’च्या जागी ‘आहे’ ठेवून वाक्य उभे राहते का ते पाहायचे. ‘पाणी येणार आहे’ म्हणता येते, म्हणून ‘पाणी येणार नाही’ बरोबर. ‘पाणी येईल आहे’ कोणीही म्हणणार नाही, म्हणून ‘येईल नाही’सुद्धा नाही. येईल, मिळेल, राहील ही रूपे स्वतःच पूर्ण चाललेली आहेत. त्यांच्याजवळ दुसरे चालणारे क्रियापद बसायला जागाच नाही. भविष्यकाळाचा नकार ‘-णार नाही’नेच करायचा : ‘जबाबदार राहणार नाही’. ‘नाही येणार’ हा क्रम बोलताना ठासून सांगायला ठीक, सूचनेत ‘नाही’ शेवटी.

हीच परीक्षा भूतकाळात वचनही सांगते. ‘गाड्या हटवल्या आहेत’, म्हणून ‘गाड्या हटवल्या नाहीत’. इथे दोन चुका एकत्र आल्या आहेत : गाड्या स्त्रीलिंगी अनेकवचनी, तेव्हा ‘हटवले’ नव्हे ‘हटवल्या’, आणि ‘नाही’ नव्हे ‘नाहीत’. उलटी चूकही सर्रास दिसते : ‘रहिवाशांनी बिल भरले नाहीत’. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर अनेक रहिवासी असतात म्हणून तो ‘त’ लावतो. पण ‘रहिवाशांनी’ला ‘नी’ लागले की क्रियापद त्यांच्याकडे पाहणेच सोडते आणि बिलाकडे पाहते. बिल एक, तर ‘भरले नाही’. बिले अनेक, तर ‘भरली नाहीत’. अपवाद थेट समोरच्याशी बोलताना. ‘तुम्ही बिल भरलेत’चा नकार ‘तुम्ही बिल भरले नाहीत’ असाच होतो, कारण तो ‘त’ तुम्हीचा आहे, बिलाचा नाही.

आता तुमच्या वादाचा मुद्दा. ‘नये’साठी ‘आहे’ची परीक्षा चालत नाही, तिथे ‘-आवा’चे रूप घ्यायचे. ‘कचरा टाकावा’, म्हणून ‘कचरा टाकू नये’. ‘वाहने उभी करावीत’ यात ‘त’ आला, म्हणून ‘वाहने उभी करू नयेत’. तेव्हा ‘नयेत’ म्हणणारे बरोबर, पण केवळ वाहने अनेकवचनी आहेत म्हणून. रहिवासी अनेक आहेत म्हणून नव्हे. कर्माला ‘ना’ लागले की तेही बाजूला होते. ‘कुत्रे मोकळे सोडू नयेत’ आणि ‘कुत्र्यांना मोकळे सोडू नये’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पहिल्यात ‘सोडावेत’, दुसऱ्यात ‘सोडावे’. ‘लहान मुलांनी एकट्याने लिफ्टमधून जाऊ नये’ यातही ‘नये’च. बोलण्यात पुष्कळजण सगळीकडे ‘नये’ म्हणतात आणि त्यावर कोणी अडत नाही. छापताना मात्र फरक पाळावा.

‘रहिवाशांनी … करू नका’ हे तर दोन वाक्यांची अर्धी अर्धी जोड आहे. ‘नका’ ही समोरच्याला केलेली आज्ञा. तिचा कर्ता ‘तुम्ही’, त्याला इथे ‘नी’ नको. ‘नये’ हा नियम. त्याला ‘रहिवाशांनी’ हवे. म्हणजे एकतर ‘रहिवाशांनी वाहने उभी करू नयेत’, नाहीतर ‘कृपया वाहने उभी करू नका’. ‘कृपया’ ही विनंती आहे, ती समोरच्याला करायची असते; म्हणून माझ्या मते तिचे ‘नका’शी चांगले जुळते, ‘नये’शी ते उगाच अवघडल्यासारखे वाटते. एका सूचनेत निम्मे नये आणि निम्मे नका ठेवू नयेत, वाचणाऱ्याला दोन वेगळी माणसे बोलत आहेत असे वाटते.

‘ठेऊ’ आणि ‘करु’ या लेखनाच्या चुका. मराठी शब्दातला शेवटचा उकार दीर्घ हा साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतला नियम, म्हणून करू, टाकू, थुंकू. ‘ऊ’ की ‘वू’ यासाठी एकेरी आज्ञा म्हणून पाहा : ठेव, लाव, धाव यांत ‘व’ आहेच, म्हणून ठेवू, लावू, धावू. दे, घे, जा, ये यांत तो नाही, म्हणून देऊ, घेऊ, जाऊ, येऊ. ‘देवू नये’ आणि ‘ठेऊ नये’ या दोन्ही चुका एकाच फलकावर शेजारी शेजारी सापडतात!

‘जोपर्यंत सफाई पूर्ण होते तोपर्यंत’ हे मात्र फक्त व्याकरणाचे प्रकरण नाही. असे वाक्य वाचून नळ कधीपर्यंत बंद ठेवायचा हेच कळत नाही. मराठीत इथे नकार लागतो : ‘जोपर्यंत सफाई पूर्ण होत नाही तोपर्यंत’. ‘सफाई पूर्ण होईपर्यंत’ हे त्याहून सुटसुटीत, आणि त्यात नकार विसरण्याची सोयच नाही.

दुरुस्त मसुदा असा : “टाकी सफाईमुळे रविवारी सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी येणार नाही. रहिवाशांनी टाकीजवळ वाहने उभी करू नयेत. सफाई पूर्ण होईपर्यंत नळ उघडा ठेवू नये. ज्यांनी वाहने हटवली नाहीत त्यांच्या नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही.” मूळ मसुद्यात वरती वाहने आणि खाली गाड्या होत्या, मी दोन्हीकडे वाहने केली आहेत, म्हणून ‘हटवल्या’चे ‘हटवली’ झाले. सूचना आधी लागते आणि शेवटचे वाक्य मात्र भूतकाळात आहे हे खटकत असेल तर ‘जे वाहने हटवणार नाहीत त्यांच्या’ असे करा.

थकबाकीची यादी लावताना आणखी एक काळजी घ्या. ‘यांनी मार्चपर्यंतचे शुल्क भरले नाही’ म्हणजे आजही बाकी आहे. ‘मार्चअखेर यांनी शुल्क भरले नव्हते’ म्हणजे तेव्हा भरलेले नव्हते, नंतर भरले असू शकते. एप्रिलमध्ये पैसे भरलेल्या माणसाचे नाव पहिल्या वाक्याखाली छापले, तर भांडण व्याकरणावरून होणार नाही. आणि कायमचा रंगवलेला फलक करणार असाल तर एकवचन वापरा : ‘येथे गाडी लावू नये’. अक्षरे कमी लागतात आणि ‘नयेत’चा प्रश्नच येत नाही.