व्होकल कोरडा ठेवला तर ट्रॅकवर वरून चिकटवल्यासारखा वाटतो, रिव्हर्ब दिला की सगळं धूसर होतं. काय चुकतंय?

रिव्हर्ब थेट व्होकलच्या ट्रॅकवर लावला असेल तर आधी तो काढा. वेगळा ऑक्स ट्रॅक करा, त्यावर रिव्हर्ब ठेवा, त्याचा वेट पूर्ण १०० टक्के करा आणि व्होकलवरून तिकडे सेंड द्या. सेंड पोस्ट-फेडर असू दे, म्हणजे व्होकल खाली घेतला की रिव्हर्बही त्याबरोबर खाली येतो. यात फायदा असा की मूळ आवाजाला हात न लावता नुसत्या रिव्हर्बवर इक्यू, कॉम्प्रेसर काहीही लावता येतं. धूसरपणाचा इलाज तिथेच आहे.

आता प्री-डिले. तो शून्यावर असेल तर शब्द सुटतो त्याच क्षणी रिव्हर्बही सुरू होतो. 'क', 'ट', 'त' यांचे धक्के त्यात बुडतात आणि गायक खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी उभा आहे असं वाटतं. प्री-डिले दिला की आधी शब्द कोरडा, स्वच्छ कानावर पडतो आणि शेपूट मागून येते. गायक जवळ राहतो, जागा मात्र मोठी वाटते.

किती द्यायचा? समजा भावगीत आहे, हार्मोनियम-तबला, टेम्पो ८० बीपीएम. ६०,००० भागिले ८० म्हणजे एक बीट ७५० मिलिसेकंदांचा. त्याचा सोळावा भाग साधारण ४७. मी तिथून सुरुवात करतो, पण निर्णय कानाचा. कठोर व्यंजनं असलेली एक ओळ लूपवर टाका, प्री-डिले शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. एका जागी शब्द पुढे येतो. आणखी वाढवलं की 'ट' दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो, तेव्हा थोडं मागे या. जलद, शब्दबहुल गाण्यात बहुधा २०-३० वरच थांबावं लागतं.

डिके, म्हणजे रिव्हर्बची शेपूट विरायला लागणारा वेळ, तोही गाण्यातूनच ठरवा. या टेम्पोला दीड सेकंद म्हणजे दोन बीट. पुढची ओळ सुरू होताना आधीच्या ओळीची शेपूट विरलेली असली पाहिजे. प्रीसेटमधले तीन-चार सेकंदांचे हॉल एकट्या व्होकलवर फार गोड वाटतात, म्हणूनच सोलो लावून रिव्हर्ब ठरवू नये.

सगळ्यात मोठा फरक मात्र फिल्टरने पडतो. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती अशी: रिव्हर्बच्या आधी इक्यू लावून ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकायचं. आपल्याकडे याचा उपयोग जास्तच होतो. हार्मोनियम आणि तानपुरा याच खालच्या-मधल्या पट्ट्यात गर्दी करून असतात, त्यात रिव्हर्बने भर घातली की गढूळ झालंच. ६०० वर आवाज पातळ वाटला तर ३००-४०० वर या. 'स', 'श' मागे फसफसत राहत असतील तर डी-एसरही रिव्हर्बच्या आधी त्याच ऑक्सवर लावा.

एवढं करूनही आवाज उघडा वाटला तर रिव्हर्ब वाढवू नका, दुसऱ्या ऑक्सवर डिले घ्या. अर्ध्या बीटचा, म्हणजे इथे ३७५ मिलिसेकंद. फीडबॅक २० टक्क्यांच्या आसपास, आणि वरचं ४ किलोहर्ट्झपासून कापलेलं, म्हणजे त्यातले शब्द कळत नाहीत, नुसती सावली राहते. डिलेमध्ये दोन पुनरावृत्तींच्या मधे मोकळी जागा असते, म्हणून तो रिव्हर्बसारखा सगळं भरून टाकत नाही. या ऑक्सवर कॉम्प्रेसर लावून त्याची साइडचेन व्होकलवरून द्या. गायक गात असताना डिले ४-५ डेसिबल दबेल, ओळ संपली की वर येईल. रिव्हर्बच्या ऑक्सवरही हेच करता येतं, फक्त रिलीज फार जलद ठेवू नका, नाहीतर शेपूट उसळ्या मारते.

लेव्हल ठरवताना पूर्ण मिक्स चालू ठेवून रिव्हर्ब ऐकू येईपर्यंत वाढवा, मग दोनेक डेसिबल खाली घ्या. ऑक्स म्यूट केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं, पण चालू असताना रिव्हर्ब म्हणून लक्षात आला नाही, तर बरोबर. हेडफोनवर ठरवलं असेल तर स्पीकरवर एकदा ऐकाच. हेडफोनवर मापात वाटलेला रिव्हर्ब तिथे बऱ्याचदा वेगळाच लागतो.

आणि हे सगळं निष्फळ ठरतं अशी एक परिस्थिती आहे. कोरडा व्होकल एकटा वाजवा, कॉम्प्रेसर चालू ठेवून, आणि शब्द संपल्यानंतरची शांतता ऐका. तिथे खोलीचा घुमारा येत असेल तर रेकॉर्डिंगमध्येच रिव्हर्ब बसलाय आणि कॉम्प्रेसर तो आणखी वर काढतोय. त्यावर कितीही चांगला रिव्हर्ब लावा, दोन खोल्या एकमेकींत घुसतील. शक्य असेल तर पुन्हा गाऊन घ्या. गायकाच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण कार्डिऑइड माइकचं तोंड तिकडेच असतं, आणि माइकपासून वीतभर अंतरावर गायला सांगा.