जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद करताना नोटिशीत काय लिहावं?

प्रश्न: आमची ठाण्यात छोटी कंपनी आहे. बिलिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट ३१ मार्चला बंद करायचाय. ग्राहक बहुतेक वाशी मार्केटचे व्यापारी. नोटीस कशी लिहू?

उत्तर: आधी तारीख बदला. मार्चअखेर हिशेब बंद करायची घाई, त्यात मे संपेपर्यंत फळबाजारात आंब्याची धावपळ. त्या दिवसांत कुणी डेटा हलवणार नाही. ३१ जुलै ठेवा. नोटीस मात्र जानेवारीतच जाऊ द्या, जून-जुलैत पुन्हा आठवण करा.

पहिल्याच ओळीत व्हर्जन नंबर, तारीख आणि त्यानंतर नेमकं काय थांबणार ते लिहा: "सॉफ्टवेअर चालू राहील, पण दुरुस्ती, कराच्या दरातले बदल आणि फोनवरची मदत मिळणार नाही." हे नसलं की "बिल निघायचं बंद होणार का?" असे फोन दिवसभर येतात.

मायग्रेशनसाठी जीएसटीच्या ११ आणि २० तारखा टाळून दिवस सुचवा. संध्याकाळी शेवटचं बिल झाल्यावर बॅकअप घ्यायचा, नवं व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून डेटा आणायचा. मग दोन्हीकडे शेवटचा बिल नंबर आणि पार्टीवार येणी जुळवायची. वर्षाच्या मध्ये हलवताना नंबर पुन्हा १ पासून सुरू झाला, तर एकाच आर्थिक वर्षात तेच नंबर दोनदा पडतात आणि रिटर्न अडतं. शेवटचं बिल १८४२ असेल, तर नव्यात पहिलं १८४३च निघालं पाहिजे. हे उदाहरण नोटिशीत जसंच्या तसं द्या.

जुना डेटा पुसू नका, हेही ठळक लिहा. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्याच लागतात.