जर्मन काँट्रॅक्ट: सही करण्याआधी क्युंडिगुंग्सफ्रिस्ट बघ

अरे पगार आणि सुट्ट्या बघितल्यास ते ठीक, पण आधी क्युंडिगुंग्सफ्रिस्टची, म्हणजे नोटीस पिरियडची ओळ नीट वाच. प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशनचा काळ, बहुतेक 6 महिन्यांचा असतो, त्यात दोन्ही बाजूंना 2 आठवड्यांची नोटीस पुरते, खरी गंमत त्यानंतर. तिथे "3 महिने, क्वार्टाल्सएंडे", म्हणजे तिमाहीच्या शेवटी, असं लिहिलं असेल तर 31 मार्चपर्यंत राजीनामा पोचला तर 30 जूनला मोकळा, पण 5 एप्रिलला दिलास तर थेट 30 सप्टेंबर! माझी हातातली ऑफर अशीच गेली रे. "मोनाट्सएंडे", म्हणजे महिनाअखेर, करून माग, बरेचदा देतात. आणि राजीनामा कागदावर, पेनाने सही करून, ईमेल चालत नाही. सुट्ट्या 5 दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान 20.