टोपो सर्व्हे रिपोर्टमध्ये कंट्रोल, डेटम आणि अचूकता कशी लिहायची?

प्रश्न: आमच्या टोपोग्राफिक सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये "यूटीएम कोऑर्डिनेट्स, लेव्हल एमएसएल, अचूकता ±५ मिमी" एवढंच लिहिलंय. डिझाइनवाले म्हणतात यावर आम्ही काम करू शकत नाही. नेमकं काय लिहायला हवं?

उत्तर:

डिझाइनवाल्यांचं बरोबर आहे, त्या ओळीतले तिन्ही तुकडे अर्धवट आहेत. माझं मत विचाराल तर कंट्रोलचा भाग लिहिताना एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेवायची: तुमच्या फाइलमधला एखादा आकडा उचलून डिझाइनर तो दुसऱ्या कुठल्यातरी आकड्यासोबत वापरणार आहे, म्हणजे जुन्या ड्रॉइंगची लेव्हल, शेजारच्या कामाचे कोऑर्डिनेट्स, साइटवर टेपने मोजलेलं अंतर वगैरे. हे दोन आकडे एकत्र वापरता येतात का आणि किती चूक धरून, हे त्याला तुमच्या रिपोर्टवरून कळलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी सोपे धरलेत. २.४ किमी लांबीची पट्टी आहे, तिच्या कडेने पावसाळी गटार न्यायचंय आणि शेवटी ते जुन्या मोरीत सोडायचंय. गटाराच्या सुरुवातीची इन्व्हर्ट लेव्हल ५४७.४३ ठरलीय. मोरीचा तळ तुम्ही मोजला तो ५४५.८३ आला, म्हणजे हातात १.६० मीटर उतार आहे, साधारण १५०० ला १. पण डिझाइनरकडे मोरीचं जुनं ड्रॉइंग आहे आणि त्यात तळ ५४५.४६ लिहिलाय. दोन्हीकडे "एमएसएल" लिहिलंय! तो बिचारा जुना आकडा घेतो, त्याला वाटतं १.९७ मीटर मिळतायत, उतार १२०० च्या आसपास बसवतो आणि कागदावर सगळं मस्त दिसतं. प्रत्यक्षात गटाराचं तोंड मोरीच्या तळाच्या ३७ सेंटीमीटर खाली जातं आणि तिथे पाणी साचून राहतं.

म्हणून उभ्या डेटमबद्दल "एमएसएल" हा शब्द पुरत नाही. लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून आणली, त्याची किंमत किती धरली, ती कोणी दिली, आणि तिथून साइटवर कशी आणली, लेव्हलिंगने की जीएनएसएसने, हे लिहा. जीएनएसएस मूळ उंची देतं ती एलिप्सॉइडपासून, पाणी वाहतं ते जिऑइडच्या हिशोबाने, आणि मधला फरक काढायला जिऑइड मॉडेल लागतं, उदाहरणार्थ ईजीएम २००८. कुठलं मॉडेल वापरलं ते तर लिहाच, पण ते प्रत्येक पॉइंटला लावलं की बेसवर एकदा फरक काढून तोच आकडा सगळीकडे वजा केला हेही लिहा, कारण दुसऱ्या पद्धतीत जिऑइडचा कल तसाच राहतो. किलोमीटरला ४ सेमी कल असेल तर आपल्या पट्टीत टोकाला जवळजवळ १० सेमी, आणि १.६० मीटरच्या उतारातून १० सेमी जाणं ही काही छोटी गोष्ट नाही. असल्या सपाट उताराच्या कामात मी तरी टीबीएमच्या लेव्हल ऑटो किंवा डिजिटल लेव्हलनेच फिरवून घेईन, जीएनएसएसची उंची फक्त तपासायला ठेवेन.

आता जुन्या ड्रॉइंगचं काय? सर्व्हे करणाऱ्याने जुन्या कामाशी निदान तीन ठिकाणी गाठ मारायची असते, नुसती मोरी नाही. समजा मोरीच्या तळाला फरक ०.३७ आला, पॅरापेटच्या कोपऱ्यावर ०.३६, आणि लांबच्या एका जुन्या चेंबरच्या झाकणावर ०.३८. म्हणजे फरक सगळीकडे सारखाच आहे, दोन डेटम एकमेकांपासून सरळ सरकलेले आहेत, आणि रिपोर्टमध्ये एक वाक्य टाकता येतं: "जुन्या ड्रॉइंगच्या लेव्हलमध्ये ०.३७ मीटर मिळवल्यास या सर्व्हेची लेव्हल मिळते, तीन सामाईक पॉइंटवर तपासलं, ही दुरुस्ती आम्ही कुठल्याही आकड्याला लावलेली नाही." ते शेवटचं "लावलेली नाही" फार महत्त्वाचं आहे, नाहीतर डिझाइनर परत एकदा लावतो किंवा कोणीच लावत नाही. आणि फरक ०.३७, ०.२१, ०.४५ असे विखुरलेले आले तर एक आकडा देऊच नका, सरळ लिहा की जुन्या लेव्हल या डेटमवर आणता येत नाहीत, लागतील त्या जागा नव्याने मोजा.

क्लोजिंग एररबद्दल एक गैरसमज खूप दिसतो. तुम्ही बेंचमार्कवरून निघून ४.८ किमीचा फेरा मारून परत आलात, ११ मिमी फरक आला, साधारण कामाला १२ मिमी गुणिले किमीमधल्या अंतराचं वर्गमूळ ही मर्यादा धरली तर २६ मिमी चालतं, म्हणजे छान. हे रिपोर्टमध्ये लिहाच. पण हा फेरा सांगतो की तुमचं लेव्हलिंग ठीक आहे, मूळ बेंचमार्क हललेला आहे की नाही हे तो अजिबात सांगत नाही, कारण निघालात त्याच दगडावर परत आलात. ते कळायला दुसरा स्वतंत्र बेंचमार्क लागतो. तो मिळाला नाही तर "उंची एकाच बेंचमार्कवर धरलेली आहे, त्याची स्वतंत्र तपासणी झालेली नाही" असं लिहायला लाजू नका, साइटच्या आतल्या आत लेव्हल एकमेकांशी बरोबरच राहतात, फक्त बाहेरच्या कामाशी जोडताना डिझाइनर सावध राहील.

आडव्या कोऑर्डिनेट्सकडे वळू. "यूटीएम" म्हटलं की झोन, डेटम आणि ती कुठल्या वर्षाची आवृत्ती हे लागतंच, पण बेसची पोझिशन कुठून आली हे सगळ्यात आधी. बेसवर आरटीके चालू करताना "इथेच आहे असं धर" म्हणून बटण दाबलं असेल तर पूर्ण सर्व्हे मीटर-दोन मीटर सरकलेला असू शकतो आणि आतल्या आत सगळं मिलिमीटरमध्ये जुळत असतं, त्यामुळे फाइल बघून कोणाला शंका येत नाही. शेजारच्या कामाचं ड्रॉइंग वर ठेवलं की मग कळतं.

दुसरं म्हणजे ग्रिड आणि जमीन. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर स्केल फॅक्टर ०.९९९६ असतो, म्हणजे नुसत्या प्रोजेक्शनमुळे किलोमीटरला ४० सेमी, वरून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा परिणाम. आपल्या साइटवर स्केल फॅक्टर ०.९९९७० आणि उंची ५५० मीटर धरली तर दोन्ही मिळून ०.९९९६१४ येतो. ड्रॉइंगमध्ये २४०० मीटर दिसणारं अंतर जमिनीवर २४००.९३ भरतं. गटाराच्या उताराला याने काही होत नाही, पण कॉन्ट्रॅक्टरने टोटल स्टेशनवर फॅक्टर न लावता एका टोकापासून आखणी केली तर दुसऱ्या टोकाला ९३ सेमी कमी पडतात आणि मोरी "चुकीच्या जागी" दिसायला लागते, मग भांडण सर्व्हेवाल्याशी. म्हणून कंबाइंड फॅक्टर किती, कुठल्या पॉइंटपाशी काढला, आणि फाइलमधले कोऑर्डिनेट्स ग्रिडचे आहेत की जमिनीवर आणलेले, हे स्पष्ट लिहा. जमिनीवर आणलेले असतील तर सुरुवातीचे दोन-तीन आकडे उडवून टाका, म्हणजे ते यूटीएमसारखे दिसणारच नाहीत आणि कोणी चुकून मिसळणार नाही.

आता ते ±५ मिमी. हा आकडा मशीनच्या ब्रोशरमधून आलाय असं मी पैजेवर सांगेन. चांगल्या आरटीके रिसीव्हरलासुद्धा कंपनी साधारण आडवं ८ मिमी आणि उभं १५ मिमी असं लिहिते, वर अंतरानुसार १ पीपीएम, तेही साधारण ६८ टक्के वेळा. आणि ते मशीनबद्दल आहे, गवतात रुतलेल्या पोलच्या टोकाबद्दल नाही.

सगळ्या ड्रॉइंगला एकच अचूकता लिहू नका, पृष्ठभागाप्रमाणे लिहा. त्यासाठी चेक पॉइंट वेगळे घ्यावे लागतात, म्हणजे सर्व्हे बनवताना जे वापरलेच नाहीत असे. समजा पक्क्या रस्त्यावर आरएमएसई १८ मिमी आला, तर १.९६ ने गुणून ९५ टक्क्यांना ३५ मिमी. उंच गवताच्या ४ हेक्टर भागात ड्रोनने केलं आणि आरएमएसई ६२ मिमी आला. इथे लगेच १.९६ ने गुणू नका, आधी चुकांची सरासरी बघा. ती शून्याच्या जवळपास असेल तर ठीक, पण गवतात ती बहुतेक वेळा वरच्या बाजूला असते कारण कॅमेऱ्याला गवताचा शेंडा दिसतो. सरासरी +५० मिमी आली म्हणजे सगळी जमीनच ५ सेमी वर दाखवलीय. मातीकामात वर-खाली होणाऱ्या चुका एकमेकांना खातात, हा ५ सेमी मात्र कुठेच जात नाही, ४ हेक्टरवर तो २००० घनमीटर होतो. त्यामुळे तिथे सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा असे दोन आकडे वेगवेगळे द्या, आणि ५ सेमी मॉडेलमधून काढलेत की तसेच ठेवलेत तेही सांगा.

कंटूरचं थोडक्यात सांगतो, अर्धा मीटरच्या कंटूरला अर्ध्या अंतराइतकी म्हणजे २५ सेमी चूक धरायची जुनी रीत आहे. कॅड त्यावरून काढलेली लेव्हल तीन दशांशात दाखवतं, डिझाइनरला ते खरंच वाटतं. इन्व्हर्ट ठरवायला कंटूर वापरायचे नाहीत, स्पॉट लेव्हल वापरायच्या, हे रिपोर्टमध्येच लिहून टाका.

हे सगळं धरून तुमच्या त्या एका ओळीच्या जागी साधारण असा परिच्छेद येईल: "उंची टीबीएम-१ वर (५४८.६१२) आधारित, ती दिलेल्या एका बेंचमार्कवरून लेव्हलिंगने आणली, ४.८ किमी फेऱ्यात ११ मिमी फरक. कोऑर्डिनेट्स यूटीएम ग्रिडमधले आहेत, जमिनीवर आणलेले नाहीत, टीबीएम-१ पाशी कंबाइंड फॅक्टर ०.९९९६१४. पक्क्या पृष्ठभागावर उंचीची अचूकता ९५ टक्क्यांना ३५ मिमी. गवताळ भागात पृष्ठभाग सरासरी ५० मिमी वर आहे, दुरुस्त केलेला नाही, अंतिम मातीकामाच्या मोजमापासाठी तो भाग वापरू नये. मोरीचा तळ गाळ काढून तीन ठिकाणी थेट मोजला आहे." यात झोन, डेटम, बेसची पोझिशन कुठून आली ते आणि जुन्या ड्रॉइंगचं ०.३७ चं वाक्य जोडा, शिवाय टीबीएमचे फोटो, ते कशावर ठोकलेत आणि मोजल्याची तारीख.