अभ्यासक्रमातून काय वगळायचं? – माझा अनुभव, जरा लांबलाय

प्रश्न: "शाळा सोडलेल्या मुलींसाठी आमचा ६० तासांचा व्यवहार-गणिताचा वर्ग असतो, यावर्षी संस्थेने ४० तासच दिलेत. काय काढू? सध्या विचार असा की एकही धडा न काढता सगळ्यातून थोडं थोडं कमी करावं, म्हणजे कुणावर अन्याय नको. बी.एड.ला नल करिक्युलम, म्हणजे शाळा जे शिकवतच नाही ते, वाचलं होतं, पण ते इथे कसं लावायचं कळत नाही."

ताई, तुमचं ते 'थोडं थोडं' वाचलं आणि पोटात गोळाच आला. सोलापुरात बिडी कामगारांच्या वस्तीत मी असाच वर्ग बरीच वर्षं घेतला आणि हेच केलं होतं, अगदी याच कारणाने. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, आणि माझं सगळं संध्याकाळच्या वर्गातलं आहे, रेग्युलर शाळेच्या वेळापत्रकाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही, हे आधीच सांगते. टाचण, गट पाडणं वगैरे तुम्हाला येतच असेल, ते सोडते.

आमचे १५ घटक होते, प्रत्येकाला ४ तास. वेळ ४० वर आला तेव्हा मी सरळ भागाकार केला, प्रत्येकाला २ तास ४० मिनिटं. कागदावर एकही घटक गेला नाही, सगळे खूश. आणि गेलं काय, तर प्रत्येक घटकाचा शेवटचा तास. त्या तासाला मुली घरून काहीतरी आणायच्या, वीजबिल, पासबुक, बिडीच्या हिशोबाची चिठ्ठी, आणि त्यावर आम्ही गणित करायचो. फळ्यावरची गणितं पहिल्या दोन तासांत असायची, ती राहिली. घरचा कागद गेला, सगळ्या १५ घटकांतून एकदम गेला, आणि माझ्या कुठल्याच नोंदीत ते दिसत नव्हतं.

तुमच्या बी.एड.च्या नोट्समध्ये जो एलियट आयस्नर असेल (अमेरिकेतला, मूळचा कलाशिक्षणातला माणूस), त्याने १९७९ मध्ये नल करिक्युलम मांडताना दोन गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या. एक म्हणजे जे विषय शिकवलेच जात नाहीत ते, कायदा, अर्थशास्त्र असे. दुसरी म्हणजे विचार करायच्या ज्या पद्धतींना शाळा जागाच देत नाही त्या. आपल्याकडे परीक्षेसाठी पाठ करताना फक्त पहिली लक्षात राहते. तास कमी झाले की विषय सहसा जात नाही, त्याचं नाव यादीत असतंच की. जाते ती दुसरी. अंदाज बांधणं, आपल्या घरचा प्रश्न गणितात मांडणं, दोघींची उत्तरं वेगळी आली तर भांडून ठरवणं, हे सगळं गुपचूप जातं. म्हणून माझं मत विचाराल तर ४० तासांत १५ घटक म्हणजे सगळ्यात वाईट पर्याय. पाच-सहा घटक सरळ काढा आणि उरलेल्यांना ४ तासच ठेवा. यावर बरेच जण माझ्याशी भांडतात, भांडू देत.

आता मला ते कळलं कसं, ते सांगते, कारण चाचणीत काहीच कळलं नव्हतं. "४०० रुपयांच्या साडीवर १५ टक्के सूट, किती द्यावे लागतील?" या गणितात २२ पैकी १९ मुली बरोबर, ३४० रुपये. मी निवांत. मग एकीची आई वर्गाच्या दारात आली, घरी तेलुगू बोलणारी, मोडक्या मराठीत म्हणाली, बाई, पोरीला एवढं शिकवलं आणि माझी छाट तिला काढता येईना. (बाहेरच्यांसाठी: बिडीची मजुरी हजारावर असते, आणि जमा करताना खराब म्हणून ज्या बिड्या बाजूला काढतात ती छाट. तिची मजुरी मिळत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं. आकडे मी हिशोबाला सोपे घेतले होते, खरा दर समजू नका. आठवड्यात ६००० बिड्या वळल्या, ५ टक्के छाट गेली, हजाराला २०० रुपये, तर हातात किती? २२ पैकी ४ बरोबर. आणि चुकीचं उत्तर सगळ्यात जास्त काय आलं, तर ५९९५ बिड्या. म्हणजे सहा हजारातून सरळ पाच वजा! साडीवर १५ टक्के म्हणजे काय हे कळणाऱ्या मुलीला बिडीवर ५ टक्के म्हणजे ३०० बिड्या हे कळेना, कारण टक्के हा दुकानातल्या पाटीचा शब्द आणि छाट हा घरातला शब्द, दोन्ही एकच गणित आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. आधी त्या शेवटच्या तासाला ते आपोआप व्हायचं. बरोबर उत्तर ५७०० बिड्यांचे ११४० रुपये. त्यात पान कमी पडलं म्हणून बाहेरून ४० रुपयांचं विकत घेतलं असेल तर उरले ११००, म्हणजे वळलेल्या हजाराला साधारण १८३ पडले, २०० नाही. हे फळ्यावर आलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

इथे एक खरं सांगायला पाहिजे. छाट आमच्या लेखी अभ्यासक्रमात आधीही नव्हती. सुरुवातीला घटक ठरवताना एकाने सुचवलं होतं, तेव्हा कुणीतरी म्हणालं "नको, उगाच कारखान्याचा विषय होतो", आणि मीही मान हलवली. ते कुठेच लिहिलं गेलं नाही. म्हणून पुढे शेवटचा तास कापताना मला आठवलंच नाही की ही गोष्ट फक्त त्या तासाच्या आधारावर उभी आहे.

बरं, चूक दुरुस्त करावी म्हणून पुढच्या वर्षी मी ९ घटक ठेवले, ६ काढले, कारणं लिहिली, आणि निधी देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवलं. परत आलं! त्यांच्या नमुन्यात 'शिकवलेले घटक' असा रकाना होता, 'वगळलेले' असा नव्हताच. गेल्या वर्षी १५ होते आता ९ कसे, प्रगती कमी दिसते म्हणे. तीन चकरा मारल्या, दर वेळी साहेब मीटिंगमध्ये. शेवटी कंटाळून मी कागदावर १५ लिहून दिले आणि वर्गात ९ शिकवले. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, छाटेची नव्हे. कारण वर्षभराने मी आजारी पडले, नवी शिक्षिका आली, तिने फाइल काढली आणि प्रामाणिकपणे १५ च्या १५ घटक २ तास ४० मिनिटांनी शिकवले. तिची काहीच चूक नाही. मी काय वगळलं आणि का, हे माझ्या डोक्यात होतं, आणि डोकं घरी अंथरुणावर. (असो. त्या कार्यालयाचं नाव विचारू नका.)

तर आता वगळायचं कसं ठरवायचं. आधी एक लक्षात घ्या, न शिकवलेल्या गोष्टी अगणित असतात, जपानी भाषाही आपण शिकवत नाही. म्हणून ज्या गोष्टी शिकवल्या जाण्याची खरंच शक्यता होती त्यांचीच यादी करा. आणि ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून करू नका, त्यात नसलेलं तुम्हाला दिसणारच नाही. मी मुलींच्या आयांना विचारलं की गेल्या महिन्यात पैशाच्या कुठल्या कागदावर अडलात. तेवढं पुरलं.

मग प्रत्येक गोष्टीला मी दोनच प्रश्न लावते. पहिला, ही दुसरीकडे कुठे मिळेल का, आणि कुणाला मिळेल? हा 'कुणाला' फार महत्त्वाचा. एनसीईआरटीने पुस्तकं हलकी केली तेव्हा १० वीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. वरच्या वर्गात आहे की, असं म्हणता येतं. पण वरच्या वर्गात तो जीवशास्त्र घेणाऱ्यालाच भेटतो, कॉमर्सला गेलेल्या पोराला १० वी हीच शेवटची संधी होती. म्हणजे एकाच कात्रीने एकाचा धडा पुढे ढकलला जातो आणि दुसऱ्याचा कायमचा जातो. आणि 'मिळेल' म्हणताना नक्की काय मिळेल तेही बघा. सोलापुरातल्या पोराला चार हुतात्मे शाळेने नाही सांगितले तरी पुतळ्यामुळे नावं कानावर पडतात. पण १९३० मध्ये आपल्या शहरावर मार्शल लॉ लावला होता म्हणजे नेमकं काय झालं होतं, हे पुतळा सांगत नाही.

दुसरा प्रश्न, ही गोष्ट गाळण्यात कुणाची सोय आहे? मुलींची सोय असेल तर खुशाल गाळा. आमची, संस्थेची, कारखान्याची असेल तर थांबा. छाट या प्रश्नाला पहिल्याच फटक्यात अडकली असती.

या हिशोबाने मी मुद्दाम काढलं ते चक्रवाढ व्याजाचं सूत्र. व्याजावर व्याज चढतं ही कल्पना ठेवली, १००० रुपयांवर तीन वर्षं हाताने चढवून दाखवायची, बास. सूत्र काढलं कारण बँकेत ते कुणी हाताने करत नाही, आणि जी पोरगी पुन्हा शाळेत जाईल तिला ते तिथे भेटतंच. लसावि-मसावि गेला, दुकानदाराचा छापील किंमत-शेकडा नफा गेला. त्या जागी छाट आली, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता आला.

आणि हे सगळं एका वहीत लिहा. संस्थेच्या फाइलमध्ये वेगळं पान लावता येत असेल तर उत्तमच, नाहीतर दोनशे पानी वही. काय वगळलं, का, कुणी ठरवलं, ज्याला लागेल त्याला कुठे मिळेल, आणि परत कधी बघायचं. "वेळ नाही" हे कारण लिहू नका, वेळ कशालाच नसतो. याच्याऐवजी काय ठेवलं ते लिहा. नमुन्यात रकाना नसेल तर 'शेरा'मध्ये कोंबा, पण १५ लिहू नका माझ्यासारखे.

'परत कधी बघायचं' हा रकाना उगाच वाटतो, मलाही वाटायचा. मी दशांशाचा भागाकार काढला होता, कारण लिहिलं होतं "मोबाईलवर होतो". वर्षाने वही उघडली त्याच आठवड्यात एका मुलीने मोबाईलवर ११०० भागिले ६ केलं, १८३.३३३३३३ आलं, आणि ती मला विचारते, बाई, अठरा कोटी कसे झाले? टिंबच दिसलं नाही तिला. भागाकार मी आजही शिकवत नाही, पण टिंबानंतर किती आकडे धरायचे आणि ते पैशात कसे वाचायचे, याला एक तास परत दिलाय. तो हप्त्याच्या घटकातून काढला, तसं वहीत लिहिलंय.